इंदूर 19.6 लाखांचं, 21.7 की 32.8?

मेधा (रामबाग): मंडळाच्या स्मरणिकेत "आपलं इंदूर" हे पान माझ्याकडे आहे. 2011 च्या जनगणनेचा आकडा एकाने 19.6 लाख दिला, दुसऱ्याने 21.7, तिसऱ्याने 32.8. तिघेही छातीठोकपणे सांगतात. छापू कोणता?

शिरीष: 19.6. शहर म्हणजे महापालिकेची हद्द. जिथे आपला नगरसेवक आहे, घरपट्टी भरतो, कचरागाडी येते, ते इंदूर. बाकीचे आकडे शहर मोठं दाखवायच्या हौसेने येतात. हद्दीचं क्षेत्रफळ सुमारे 276 चौरस किलोमीटर, म्हणजे दर चौरस किलोमीटरला सात हजार माणसं. हेही छापा.

दिनकर: शिरीष, लोकसंख्या बरोबर आहे, पण भागाकार चुकला. 276 ही आजची हद्द. 2014 साली 29 गावं महापालिकेत आली, तेव्हा ती एवढी झाली. 2011 मध्ये शिरगणती झाली तेव्हा हद्द सुमारे 130 चौरस किलोमीटर होती. त्या 19.6 लाखांना 130 ने भागलं की दर चौरस किलोमीटरला पंधरा हजार येतात. तुम्ही त्या गावांची जमीन घेतली आणि तिथली माणसं बाहेर ठेवली, म्हणून दाटी निम्म्यावर आली. ही चूक मी छापील अहवालांतही पाहिली आहे.

मेधाताई, 32.8 बाजूला ठेवा. तो अख्ख्या इंदूर जिल्ह्याचा आकडा आहे, त्यात सांवेर-देपालपूरची शेतकरी गावंसुद्धा आली. उरले दोन. जनगणनेच्या तक्त्यात इंदूरच्या नावापुढची अक्षरं वाचा. `M Corp.` असेल तर निव्वळ महापालिका, 19.6. `M Corp. + OG` असेल तर हद्दीला लागून वाढलेल्या वसाहती धरून 19.9. `UA` म्हणजे नागरी समूह, 21.7: महापालिका, तिला चिकटलेल्या वसाहती आणि सलग वस्तीने जोडलेली शेजारची शहरं, सगळं मिळून. मी असतो तर 21.7 छापलं असतं.

शिरीष: भागाकार मान्य, माझी चूक. पण समूहाला ना महापौर, ना अंदाजपत्रक. लोकांनी "इंदूरची लोकसंख्या" वाचलं की महापालिकाच डोळ्यांसमोर येते.

दिनकर: स्वच्छतेच्या क्रमांकाबद्दल लिहायचं असेल तर तुमचं म्हणणं सोळा आणे खरं, तिथे महापालिकाच हवी. पण "देशात आपण केवढे" हे सांगायला ती हद्द फसवते. कोची घ्या. महापालिका बघितली तर कोची 6 लाख, इंदूर 19.6, म्हणजे आपण तिपटीहून मोठे. समूह बघितला तर कोची 21.2 आणि आपण 21.7, जवळजवळ बरोबरीत. कोची रिकामं नाही, तिची महापालिकेची हद्द लहान आहे आणि वस्ती शेजारच्या नगरपालिकांत पसरलेली आहे. आपल्याकडे बहुतेक वस्ती हद्दीच्या आतच आहे.

अश्विनी: आमच्याकडे तर वेगळंच. हे रोज सकाळी सातला पिथमपूरच्या कंपनीत जातात, रात्री घरी. अशी हजारो माणसं आहेत. पिथमपूर इंदूरमध्ये धरत नाहीत का? आणि आमची मोजणी कुठे होते, कंपनीत की घरी?

दिनकर: घरी. माणूस राहतो तिथे मोजला जातो. पिथमपूर धार जिल्ह्यात आहे आणि जनगणनेत ते वेगळं शहर आहे, 2011 मध्ये 1.26 लाखांचं. समूहाला सलग वस्ती लागते. नोकरीसाठी रोज किती जण ये-जा करतात, यावरून आपली जनगणना शहराची सीमा ठरवत नाही.

अश्विनी: मग तो आकडा अपुराच म्हणायचा! पिथमपूर बंद पडलं तर आमचा अर्धा मोहल्ला बसेल.

आनंद: ताईंचं खरं आहे, म्हणून तर महानगर क्षेत्र असतं. दहा लाख लोकसंख्या झाली की शहर आपोआप महानगर क्षेत्र होतं.

दिनकर: आपोआप नाही, आनंद. घटनेच्या कलम 243 पी मध्ये दहा लाखांची अट आहे खरी, पण सोबत दोन किंवा अधिक नगरपालिका-पंचायती किंवा लागून असलेले इतर भाग हवेत आणि राज्यपालांनी अधिसूचना काढून क्षेत्र ठरवायला हवं. ती रेघ नियोजनासाठी सरकार आखतं. इंदूरबरोबर उज्जैन, देवास, धार घ्यायची चर्चा झालेली आहे. ती रेघ धरून 2011 च्या आकड्यांची बेरीज केली तर गणित बरोबर येईल, पण उज्जैनची माणसं इंदूरची म्हणून छापली जातील. दहा लाखांवरच्या शहरांना आपण बोलताना सरसकट महानगर म्हणतो, गोंधळ तिथूनच होतो.

अश्विनी: उज्जैन नको, पण पिथमपूर हवंच. मी माझ्या मतावर ठाम आहे.

मेधा: असं लिहिलंय: "2011 च्या जनगणनेनुसार इंदूर नागरी समूहाची लोकसंख्या 21.7 लाख, त्यांपैकी तेव्हाच्या महापालिका हद्दीत 19.6 लाख." पिथमपूरला रोज जाणाऱ्यांसाठी खाली वेगळी चौकट केली आहे, तिथे बेरीज नाही.

शिरीष: मी 19.6 आधी लिहिलं असतं. पण "तेव्हाच्या" हा शब्द कापू नका, पान जुळवताना तोच आधी जातो.