पहिल्या रिलीजची रेघ

> "डब्याच्या ॲपचा स्टोरी मॅप झाला. पहिल्या रिलीजची रेघ कुठे मारू?"

आडवी मारा: रेघेच्या वरचं पहिल्या रिलीजमध्ये, खालचं नंतर. वरच्या ओळीत ग्राहकाचा क्रम आहेच: मेनू बघणे, डबा लावणे, खाडा कळवणे, पैसे देणे. त्याखाली त्या-त्या पायरीच्या कामांच्या चिठ्ठ्या. प्रत्येक पायरीखालची सगळ्यात साधी चिठ्ठी रेघेच्या वर ठेवा. नुसतं लॉगिन चकाचक आणि डबा लावताच येत नाही, अशा उभ्या कापणीतून काही कळत नाही. पेमेंट गेटवे आत्ता नको. यूपीआयचा क्यूआर दाखवा, जमा झाल्याची नोंद डबा करणाऱ्या मावशी हाताने करतील. खाडा मात्र ॲपमध्येच हवा, आदल्या रात्री ९ पर्यंत. महिनाअखेरीची भांडणं त्यावरूनच होतात (मेसवाल्यांना विचारा!). खाडे तरीही ॲपऐवजी फोन करूनच येत राहिले, तर कूपन, रेटिंगच्या चिठ्ठ्यांना हात लावू नका. आधी ती पायरी दुरुस्त करा.