मदत हवी आहे: पुरवठादार खरंच इनगॉट बनवतो की नुसता भंगारवाला, हे एचएसएन कोडवरून कळेल का?

शिरोलीचा_डायकास्टर
आमचं अॅल्युमिनियम डायकास्टिंगचं छोटं युनिट आहे. एडीसी-१२ इनगॉट महिन्याला सात-आठ टन लागतो. एक नवीन पार्टी आली आहे. "स्वतःची भट्टी आहे, स्वतः गाळतो" म्हणतात. भाव किलोमागे चांगलाच कमी, पण तीस टक्के अॅडव्हान्स मागतात. भट्टी दाखवा म्हटलं तर "पुढच्या महिन्यात या".

जीएसटी पोर्टलवर त्यांचा नंबर टाकून पाहिला. मुख्य व्यवसाय 'मॅन्युफॅक्चरर'. मालाच्या यादीत ७६०१, ७६०२ आणि ७२०४. पहिला इनगॉटचा, दुसरा अॅल्युमिनियम भंगाराचा, तिसरा लोखंडी भंगाराचा. यावरून काय समजायचं? गाळणारा नसेल तर दर लॉटला वेगळ्याच भट्टीचा माल येणार आणि टेस्ट सर्टिफिकेटला अर्थ राहणार नाही. शिवाय त्यांनी कर भरला नाही तर आमचं क्रेडिट अडकणार ते वेगळंच.

कोल्हापुरी_चटणी
दादा, माझाही एचएसएनचाच घोळ आहे. घरगुती कांदा-लसूण मसाला विकते. सीए म्हणतात ०९१०, भाऊ म्हणतो २१०३. बिलावर कुठला टाकू?

वखारवाला
ताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे, नवीन धागा काढा. इथे स्वतःचा कोड ठरवायचा नाहीये, दुसऱ्याचा वाचायचा आहे.

शिरोलीकर, सोपं आहे. ७६०१ आहे म्हणजे इनगॉट विकतात. आता भंगार गाळून पुन्हा ओतलेला इनगॉट कायद्याने भंगारातच मोडतो, लोखंडात नाही का ७२०४ खाली त्याला वेगळा कोड आहे. म्हणून त्यांनी ७६०२ पण टाकला असेल. मॅन्युफॅक्चरर लिहिलंय, सरकारी पोर्टल आहे, आणखी काय पाहिजे?

निवृत्त_निरीक्षक
वखारवाले, लोखंडाचं तुम्ही बरोबर सांगितलंत, पण ते अॅल्युमिनियमला लागू नाही. गाळून ओतलेला अॅल्युमिनियम इनगॉट ७६०१ मध्येच जातो. ७६०२ म्हणजे न गाळलेलं भंगार. त्यामुळे दोन्ही कोड दिसतात याचा अर्थ ते दोन्ही वस्तू विकतात, किंवा विकायचं ठरवलं होतं.

"ठरवलं होतं" मुद्दाम म्हणतो. पोर्टलवरची यादी नोंदणीच्या अर्जात स्वतः भरलेली असते, जास्तीत जास्त पाच वस्तू. नंतर धंदा बदलला तरी ती बदलायला कोणी जात नाही. 'मॅन्युफॅक्चरर' हाही शब्द त्यांचाच. त्यावर अॅडव्हान्स देऊ नका.

खरा धंदा दिसतो तो जीएसटीआर-१ च्या तक्ता १२ मध्ये. तिथे कोडप्रमाणे विक्रीचं वजन आणि रक्कम दोन्ही असतं. तो तुम्हाला पोर्टलवर दिसणार नाही, पार्टीकडूनच मागा. अॅडव्हान्स मागणाऱ्याकडे एवढं मागायला लाजायचं कारण नाही.

मिळाला की २६२० शोधा. भंगार गाळलं की वर ड्रॉस येतो, तो कुठल्याच भट्टीला चुकत नाही, आणि त्यातून धातू काढणारे तो विकत घेतात. त्याचा कोड २६२०. इनगॉट टनावारी विकतो पण ड्रॉस एक किलोही विकत नाही, असा गाळणारा मला संशयास्पद वाटतो. मात्र एका महिन्यावरून ठरवू नका, काही जण ड्रॉस साठवून वर्षातून एकदा काढतात. वार्षिक जीएसटीआर-९ मिळालं तर तक्ता १७ बघा.

सीए_अनघा
आणखी एक खूण. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणीकृत विक्रेत्याकडून धातूचं भंगार घेणाऱ्याला करारात अडीच लाखांवर २ टक्के जीएसटी टीडीएस कापावा लागतो. त्यासाठी वेगळी नोंदणी लागते आणि तिच्या जीएसटी नंबरात चौदावं अक्षर Z ऐवजी D असतं. पोर्टलवर `Search by PAN` मध्ये पार्टीचा पॅन टाका. नंबरातली तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतची अक्षरं म्हणजेच पॅन. D वाला नंबर दिसला तर भंगार देशातल्या व्यापाऱ्यांकडून घेतात, निदान तशी तयारी आहे.

नाही दिसला तर लगेच खोटं ठरवू नका. आयात भंगाराला हा टीडीएस नाही. नोंदणी नसलेल्या फेरीवाल्यांकडून घेत असतील तर तिथे रिव्हर्स चार्जने कर भरायचा असतो, टीडीएस नाही. आणि बरेच जण नियम पाळतही नाहीत.

आयात_निर्यात
एवढं कशाला? आयातीचा डेटा विकणाऱ्या साइट आहेत. कोड टाका, कंपनीची यादी मिळते.

निवृत्त_निरीक्षक
जपून. २०२२ पासून सीमाशुल्क कायद्यात कलम १३५एए आहे, असा तपशील छापणं गुन्हा आहे. शिवाय माल समुद्रातच हातोहात विकला गेला तर बिल ऑफ एंट्री शेवटच्या खरेदीदाराच्या नावावर निघते, त्यामुळे यादीतली नावं फसवतात. आयात करतो म्हणत असतील तर बिल ऑफ एंट्रीची प्रत मागा आणि तिचा नंबर आइसगेटवर ताडून पाहा.

शिरोलीचा_डायकास्टर
तक्ता १२ मिळाला! एका महिन्याचा:

७६०१: ६२,००० किलो, १,३३,३०,००० रुपये
७६०२: ५८,५०० किलो, ९८,२८,००० रुपये

२६२० नाही. पॅनवर दोन नंबर, २७ महाराष्ट्राचा आणि २४ गुजरातचा. D कुठेच नाही.

वखारवाला
झालं की मग. इनगॉट २१५ रुपये किलो, भंगार १६८. गाळणारा माणूस जवळपास इनगॉटइतकंच भंगार विकेल का? भट्टीत काय घालणार? ट्रेडर आहे. सोडून दे भावा.

निवृत्त_निरीक्षक
मलाही आधी तसंच वाटलं, पण गुजरातचा नंबर बघा. एकाच पॅनच्या दोन राज्यांतल्या नंबरांमधली मालाची ने-आणही विक्री म्हणूनच दाखवावी लागते आणि ती तक्ता १२ मध्ये मिसळते. भट्टी गुजरातेत असेल तर हे ५८ टन भंगार तिकडे गाळायला गेलेलं असू शकतं. मग ड्रॉसही तिकडच्याच रिटर्नमध्ये दिसेल. तक्ता ४ मध्ये घेणाऱ्याचा नंबर असतो, तो मागा.

शिरोलीचा_डायकास्टर
तोही दिला. स्वतःच्याच २४ नंबरला ६१ लाखांची बिलं आहेत. बाकी इतरांना.

सीए_अनघा
तक्ता ४ मध्ये एचएसएन नसतो, आणि भंगार व इनगॉट दोन्ही १८ टक्क्यांत, त्यामुळे दरावरूनही वेगळं काढता येणार नाही. ६१ लाख म्हणजे भंगार धरलं तर साधारण ३६ टन, इनगॉट धरला तर २८ टन. ई-वे बिलावर कोड असतो. गुजरातला गेलेल्या दोन-तीन गाड्यांची ई-वे बिलं आणि गुजरात नंबरचा तक्ता १२ मागा.

वखारवाला
आणि हे सगळं भंगारच निघालं तरी उरलेलं २२ टन भंगार बाहेर विकलंच ना? म्हणजे अर्धा ट्रेडर तरी आहेच.

शिरोलीचा_डायकास्टर
गुजरातचा तक्ता मागितलाय, "अकाउंटंट गावाला गेलाय" म्हणाले. ई-वे बिलं देतो म्हणतात. तोवर अॅडव्हान्स नाही. एक टन रोखीच्या भावाने घेऊन स्पेक्ट्रोवर टाकतो आणि काय येतं ते इथे लिहितो.

कोल्हापुरी_चटणी
नवीन धागा काढलाय. बघा कोणीतरी.