मदत हवी आहे: जुन्या दिवाणाच्या जाहिरातीत दोष आधी दाखवू की नंतर?

जळगावात सागाचा दिवाण विकायचाय, ६ बाय ४ फूट, खाली सामानाचा कप्पा. आधी "उत्तम स्थितीत, किंमत बोलून ठरवू" असं लिहिलं होतं, फोन आले ते फक्त "शेवटचा भाव किती?" विचारायला. आता असं लिहिलंय:

"चौकट पक्की, वाळवी नाही. कूलरच्या पाण्याने कप्प्याच्या तळाचं प्लाय एका कोपऱ्यात वीतभर फुगलंय, बदलावं लागेल. तो खर्च वजा करूनच ५,५०० रुपये, भाव पक्का. दुसरा मजला, लिफ्ट नाही. पाय नटबोल्टचे, सुटे होतात. गाडी आणि दोन माणसं तुमची. रविवारपर्यंत, संध्याकाळी ६ नंतर न्या."

फुगलेल्या कोपऱ्याचा फोटो शेजारी पट्टी ठेवून काढलाय, म्हणजे आकार कळतो. तो पहिला टाकला तर लोक पुढचं वाचतील का, की पूर्ण दिवाणाचा आधी आणि हा दुसरा ठेवू?