मंत्र्याची सही नाही म्हणून ऑर्डर रद्द होते का?

रानवारा: मंत्रालयातून येणाऱ्या किती ऑर्डरींवर खाली कक्ष अधिकाऱ्याची सही असते बघा. कायद्याने अधिकार दिलाय शासनाला, आणि ज्याला दिला त्यानेच तो वापरायचा, पुढे ढकलायचा नाही, हा साधा नियम. या सगळ्या ऑर्डरी बेकायदा आहेत, सरळ कोर्टात जा.

जुनी_नस्ती: लोकांना उगाच खर्चात पाडू नका, मला हे वाचून खरंच राग आला. बावीस वर्षं मी टिपण्या लिहिल्यात. सही करणं आणि निर्णय घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑर्डरच्या शेवटी "महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने" असं असतं ना, त्याखालची कक्ष अधिकाऱ्याची सही म्हणजे हा हुकूम शासनाचाच आहे एवढीच खूण. निर्णय कुणाचा ते नस्तीवरच्या, म्हणजे त्या प्रकरणाच्या फाईलवरच्या टिपणीत दिसतं.

आणि सचिवाने निर्णय घेतला तरी तो अधिकार "पुढे ढकलला" असं होत नाही. इंग्लंडमध्ये युद्धाच्या काळात कार्लटोना नावाच्या कंपनीचा खाद्यपदार्थांचा कारखाना सरकारने ताब्यात घेतला, पत्रावर सही अधिकाऱ्याची, कंपनी म्हणाली मंत्र्याने डोकं लावलंच नाही. १९४३ मध्ये लॉर्ड ग्रीन यांनी सांगितलं की मंत्र्याच्या नावावर इतकी कामं असतात की ती खात्याचे अधिकारीच करणार, त्यांचा निर्णय हा मंत्र्याचाच, आणि संसदेत जाब द्यायचा तो मंत्र्याने. आपल्याकडे १९७० च्या संजीवी नायडू खटल्यात मद्रासच्या बस मार्गांच्या स्कीमवर हाच वाद झाला. शासनाचं कुठलं काम कुणी करायचं हे ठरवणाऱ्या कार्यनियमावलीप्रमाणे सचिवाने मत बनवलं होतं. सुप्रीम कोर्ट म्हणालं तो शासनाने अधिकार सोपवलेला दुसरा कुणी नाही, शासनाचाच अवयव आहे.

कोर्टकचेरी: म्हणजे कुणीही सरकारी माणसाने काहीही ठरवावं आणि आम्ही गप्प बसावं? आमच्या तालुक्यात परवानगी द्यायची तहसीलदाराने आणि ठरवतो कोण, तर फोन करणारा पुढारी. तुमच्या कार्लटोनाने हेच चालवून घेतलंय.

जुनी_नस्ती: नाही हो, तहसीलदाराला, कलेक्टरला, कमिशनरला हा नियम असा सरसकट लागतच नाही. कायद्यात नाव घेऊन त्या अधिकाऱ्याला अधिकार दिला की डोकं त्याचंच चालायला पाहिजे. गोरधनदास भानजी केस वाचा, मुंबईचीच आहे. अंधेरीत सिनेमा थिएटर बांधायची परवानगी पोलीस कमिशनरने १९४७ मध्ये दिली आणि थोड्याच महिन्यांत "शासनाच्या निर्देशावरून" असं लिहून रद्द केली. सुप्रीम कोर्ट म्हणालं अधिकार कमिशनरचा होता, शासनाचा नाही, रद्द करणं टिकणार नाही.

कोर्टकचेरी: मग फोनवाल्याचं कागदावर येतं कुठे? सिद्ध कसं करायचं ते सांगा ना. आमची परवानगी दीड वर्ष अडली.

जुनी_नस्ती: फोन कागदावर येत नाही, हे मात्र तुमचं खरं आहे. माहिती अधिकारात नस्तीची प्रत मागा. तहसीलदाराने स्वतःची कारणं एका ओळीचीही लिहिली नसतील तर तीच तुमची बाजू.

मावशी_सोलापूर: माझं वेगळंच आहे, कुणीतरी बघा. भावाच्या रेशन दुकानाचा परवाना रद्द झाला, रिव्हिजन मंत्र्यांकडे. सुनावणी सचिवांसमोर झाली, वकिलाने तासभर सांगितलं, सगळे कागद दिले. चार महिन्यांनी ऑर्डर आली ती मंत्र्यांच्या निर्णयाने, त्यांना आम्ही कधी पाहिलंही नाही. सही कक्ष अधिकाऱ्याची म्हणून चालेल का हे?

जुनी_नस्ती: ताई, सहीचं सोडा, तुमचा मुद्दा सुनावणीचा आहे आणि तो दमदार आहे. गुल्लापल्ली नागेश्वर राव, १९५९, आंध्रातले बसमालक. हरकती सचिवाने ऐकल्या, निर्णय मुख्यमंत्र्यांनी दिला. सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला, कारण ज्याने ऐकलं त्यानेच ठरवलं पाहिजे, नाहीतर सुनावणीला अर्थ काय. सुनावणी कुणासमोर झाली ते रोजनाम्यात, म्हणजे सुनावणीच्या तारखेवार नोंदीत बघा आणि निर्णयाची टिपणी कुणाची ते नस्तीत. दोन माणसं वेगळी निघाली तर वकिलाला हेच पहिलं दाखवा, आणि उशीर करू नका.

रानवारा: म्हणजे मी म्हणत होतो तेच झालं की, मंत्र्याचं काम दुसऱ्याने करायचं नाही!

जुनी_नस्ती: अजिबात नाही. सचिवाने ऐकून, नियमाने अधिकार असेल तर त्यानेच ठरवलं असतं तर चाललं असतं. पण सुनावणीच्या प्रकरणात सगळं सही-निर्णयावर संपत नाही, हे मी आधीच लिहायला हवं होतं. तेवढं मान्य.

कोर्टकचेरी: मग २०२२ ला फक्त मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री होते तेव्हा अपिलं-रिव्हिजन ऐकायचे अधिकार सचिवांना दिले, ते बरोबर होतं का? निवडून आलेल्याकडे दाद मागायची सोय गेली. सचिवाला आम्ही मत देत नाही.

मावशी_सोलापूर: मला तर सचिवानेच ठरवलेलं चाललं असतं, त्यांनी निदान आमचं ऐकलं होतं.

जुनी_नस्ती: मंत्री तीस तारखा पुढे ढकलतात तेही बघितलंय आणि सचिव दोन ओळींत फेटाळतात तेही. ताई, आधी रोजनाम्याची प्रत काढा, मग बोलू.