प्रवेशाची खोट लपते कुठे? (जादूच्या गुरुकुलावरून पेटलेला धागा)

निशाचर:
जादूच्या गुरुकुलावर कादंबरी लिहितोय. प्रवेशाच्या तीन जीवघेण्या फेऱ्या आहेत. शेवटी उघड होतं की कुलगुरू थैल्या घेऊन सरदारांच्या पोरांना आत घेत होता. हीच लपलेली खोट. आचार्यांचं राजकारण दुसऱ्या भागात टाकेन. ट्विस्ट कसा वाटला?

खडूस_मास्तर:
भिकार वाटला. आज सुट्टी आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

लाचखोर कुलगुरूला पकडलं की गोष्ट संपली, गुरुकुल पुन्हा सोवळं. एकाही माणसाने बेइमानी न करता निकाल चुकत राहिला पाहिजे, तर वाचकाची झोप उडेल. तीन फेऱ्या काढून टाका, एकच ठेवा. अंगणात एक पारखशिळा आहे. पोराने तळवा टेकवायचा, अंगातल्या शक्तीप्रमाणे वलयं उजळतात. २० वलयं उजळली की आत. दिवसाला ३०० पोरं, उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत.

आता खोट. शिळा प्रत्येक पोरामागे किंचित दमते आणि रात्रभरात पुन्हा भरते. दर पन्नास पोरांमागे एक वलय कमी पडतं असं धरा. पहाटेच्या पोराला २० ची शक्ती पुरते, पण शेवटच्या पन्नासात उभ्या असलेल्याला २५ ची लागते. रांग लागते वेशीवर पोचण्याच्या क्रमाने. गडाखालच्या पेठेतली पोरं घरी झोपून पहाटे पुढे उभी राहतात. घाट चढून येणाऱ्यांना दुपार होते. म्हणजे डोंगरातली पोरं दरसाल गळतात आणि कुणाच्याही हाताला डाग नाही.

ही खोट शंभर वर्षं दिसत का नाही, तर नापास पोर घरी जातं आणि त्याचं पुढे काय झालं हे गुरुकुल कधी बघत नाही. पण आत माग राहतो. संध्याकाळच्या रांगेतून जे मोजके आत येतात, ते तिसऱ्या वर्षी सगळ्यांना मागे टाकतात. आचार्य त्याचा अर्थ काय लावतात? ‘डोंगरच्या पाण्यातच तेज आहे!’ त्यावर पोवाडे रचले जातात. खोट त्या पोवाड्याखाली गाडलेली आहे. तुमच्या नायिकेने पोवाडा ऐकून एवढंच विचारायचं, की इतकं तेज आहे तर डोंगरातून दरसाल तीनच पोरं का येतात?

आणि राजकारण दुसऱ्या भागात?? अहो, राजकारणामुळेच खोट टिकते. शिळेच्या किल्ल्या अग्निशाखेकडे. शाखेला तांदूळ-तेल मिळतं ते शिष्यांच्या संख्येवर, आणि पेठेतली पोरं परंपरेने अग्निशाखाच घेतात. जलशाखेचे आचार्य दुसरी शिळा मागतात तेही न्यायासाठी नाही, किल्ल्या हव्यात म्हणून. आणि बहुतेक आचार्य स्वतः सकाळच्या रांगेतले. शिळा दमते हे मान्य केलं तर त्यांची स्वतःची २० वलयं संशयात येतात.

रानजाई:
मास्तर, एवढं रामायण कशाला? परीक्षकाला पोर कोण, कुठलं, हे कळूच द्यायचं नाही. चीनमध्ये सोंग काळात उत्तरपत्रिकेवरचं नाव झाकायचे, वर कारकून अख्खी उत्तरं पुन्हा उतरवून काढायचे, म्हणजे अक्षरही ओळखू येऊ नये. हजार वर्षांपूर्वी! पोरांना बुरखे घाला, प्रश्न मिटला.

खडूस_मास्तर:
शिळेला डोळे आहेत का? ती आधीच आंधळी आहे, तरी चुकते. चीनचंच घ्या. १३९७ साली मिंग दरबारच्या परीक्षेत पहिल्या यादीतले झाडून सगळे दक्षिणेकडचे निघाले. उत्तरेकडच्यांनी बोंब ठोकली. हाँगवू बादशहाने फेरतपासणी लावली, तर तपासणाऱ्यांनीही निकाल बरोबर असल्याचं सांगितलं. त्यापायी काहींची मुंडकी उडाली आणि नवी यादी निघाली, सगळी उत्तरेकडच्यांची! पत्रिका तेव्हाही झाकलेल्याच होत्या. उत्तर भाग लढायांनी पोळलेला होता, तिथल्या पोरांची तयारी कमी पडली. पुढे तीसेक वर्षांत जागाच उत्तर-दक्षिण वाटून टाकाव्या लागल्या. कादंबरीला हवं असेल तर इथे घ्या: खरं बोलणारा तपासनीस मारला जातो, आणि गंमत म्हणजे मारणाऱ्याची तक्रारही अगदीच खोटी नसते.

रानजाई:
बुरख्याने शिळा सुधारत नाही, मान्य. पण माणसं परीक्षा घेत असतील तिथे नाव झाकलंच पाहिजे, हे तुम्ही सोयीस्कर गिळलंत.

लेकीचा_बाप:
शिळा वगैरे ठीक आहे, पण हे आमच्या घरात घडलंय. एका प्रवेशपरीक्षेत लेकीची शिफ्ट दुपारची. पेपर अवघड. तिच्या मैत्रिणीला सकाळी सोपा. लेकीला मार्क कमी, आणि पर्सेंटाइल मात्र मैत्रिणीच्या जवळपास! मग तिने मिळवलेल्या मार्कांना अर्थ काय? हे नॉर्मलायझेशन म्हणजे हातचलाखी. जादू इथेच चाललीय.

गणिती_काकू:
अहो भाऊ, तुमच्या लेकीचा त्यात फायदाच झाला, तोटा कसला? तिची तुलना तिच्याच शिफ्टमधल्या मुलांशी केली. तिच्याइतके किंवा तिच्याहून कमी मार्क मिळवणारे शेकडा किती, एवढंच त्यात असतं. पेपर अवघड तर सगळ्यांनाच अवघड.

लेकीचा_बाप:
फायदा?? आमच्या घरात महिनाभर रडारड होती. आकडेमोड शिकवू नका.

गणिती_काकू:
रडारड खरी, हिशोबही खरा. आणि हेच मास्तरांच्या शिळेला लागू होतं, म्हणून लिहिते. दर तासाच्या रांगेतून वरची ठरावीक पोरं घ्या, शिळा दमली तरी फरक पडत नाही. पण त्यात एक गृहीत आहे, की प्रत्येक तासाला साधारण सारख्याच कुवतीची पोरं उभी आहेत. मास्तरांच्या गोष्टीत दुपारी सगळा डोंगर उभा आहे. डोंगरात खरोखर तेज जास्त असेल तर डोंगरवाले आपसातच झुंजून बाद होतील, आणि अन्याय नव्या दाराने आत येईल. म्हणून आधी चिठ्ठ्या टाकून रांग ठरवा, मग तासागणिक क्रम लावा. एकट्या चिठ्ठ्यांनी भागत नाही, संध्याकाळची चिठ्ठी निघालेलं पोर बुडतंच.

आणि मास्तर, तुमचा तो माग कच्चा आहे. संध्याकाळचे अव्वल येतात म्हणून शिळा दमते असं सिद्ध होत नाही. डोंगरात खरंच तेज असेल तरी ते अव्वलच येतील. तुलना करायची ती काठावर पास झालेल्यांची. सकाळी बरोबर २० वलयं उजळलेलं पोर आणि संध्याकाळी बरोबर २० उजळलेलं पोर, दोघं आत आल्यावर कशी निघतात? शिळा नीट असेल तर दोघं सारखी. संध्याकाळचं दरवेळी पुढे गेलं, तर शिळेतच काहीतरी आहे.

खडूस_मास्तर:
बरं बाई, काठावरचे तर काठावरचे. कादंबरीत तक्ते छापा, वाचक उड्या मारत येतील.

गणिती_काकू:
तक्ता कशाला? शिळेजवळच्या शिपायाची वही पुरे. त्यात नाव, वलयं आणि दिवसातला कितवा नंबर. तो इमानेइतबारे लिहितोय, पण आजवर कुणी मागितलेली नाही. वही कुणाच्या ताब्यात, यावर दोन शाखांचं भांडण लावा.

लेकीचा_बाप:
वही! आम्ही दाद मागितली तर म्हणाले, मुदत संपली.

रानजाई:
घ्या, हा संवाद तर अग्निशाखेच्या आचार्याच्या तोंडी जसाच्या तसा बसतो. भाऊ, राग मानू नका.

निशाचर:
तुम्ही सगळ्यांनी मिळून माझा खलनायक काढून घेतलात, धन्यवाद. वही घेतोय, पोवाडा घेतोय. शिळा एकच. पण कुलगुरूच्या थैल्या मी ठेवणार, वाचकाला कुणाला तरी शिव्या घालायला लागतात. फक्त तो पैसे घेतो ते पहाटेच्या रांगेत जागा द्यायला. शिळा दमते हे त्याला माहीत नाही, त्याला वाटतं पहाटेचा मुहूर्त शुभ असतो म्हणून लोक मोजतात.

खडूस_मास्तर:
हे मात्र चाललं. पण मग पैसे मोजणाऱ्यांना कसं कळलं की पहाट चांगली? पेठेत कुणीतरी हिशोब ठेवलाय. तो कोण, ते आधी ठरवा.