सोयाबीन पार कुजलं, खात्यात ५,००० फक्त!

शेतकरीपोर (कागल): पीक विमा म्हणजे लूट. ६० आर सोयाबीन, हेक्टरी संरक्षित रक्कम ५०,०००, म्हणजे माझे ३०,००० होतात. काढणीला पाऊस लागला, शेंगा काळ्या पडून जाग्यावर उगवल्या. कंपनीनं २५,००० खाल्ले.

गडहिंग्लजकर: दादा, राग येऊदे पण हिशोब तर करा. तुमच्या रानात किती पिकलं हे या पैशात धरतच नाहीत, अख्ख्या महसूल मंडळाचं सरासरी उत्पन्न धरतात. उंबरठा उत्पादन किती, प्रत्यक्ष किती, हे तालुका कृषी कार्यालयातनं आणलं का?

शेतकरीपोर: आणलंय. उंबरठा १,०५०, प्रत्यक्ष ८४० किलो हेक्टरी.

पंचगंगाकाठ: नुकसान ७२ तासात कळवलं नसणार, म्हणून कापले.

गडहिंग्लजकर: ते वैयक्तिक नुकसानीचं होतं, आणि २०२५ च्या खरिपापासून राज्यात ते काढलंय. इथं काही संबंध नाही.

हातकणंगलेचा_मास्तर: १,०५० कुठनं आणलं? तुमच्या मंडळाची सरासरी १,५०० आहे. तूट ४४ टक्के निघते, हेक्टरी २२,००० पायजेत!

गडहिंग्लजकर: सर, सरासरी बरोबर आहे, पण ती मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची, आणि तिच्या ७० टक्के म्हणजे उंबरठा. १,५०० चे ७० टक्के १,०५०च. तूट २१० किलो, भागिले १,०५०, म्हणजे २० टक्के. हेक्टरी १०,०००, ६० आरला ६,०००.

हातकणंगलेचा_मास्तर: बरं, नियम तसा असंल. पण वरचे ३० टक्के आधीच शेतकऱ्याच्या बोकांडी, हे कुणी बोलत नाही.

शिरोळची_वहिनी: अहो ८४० तरी खरं का? आमच्यात उत्पन्न मोजायच्या कापणी प्रयोगाला प्लॉट घेतला तो माळाचा, निचऱ्याचा. खाली नदीकाठची रानं आठ दिवस पाण्यात. त्या एका प्लॉटनं आमचं सगळ्यांचं उत्पन्न वाढवलं.

पंचगंगाकाठ: गट नंबर रँडम निघतो वहिनी, उगं आरोप नको.

शिरोळची_वहिनी: नंबर काढताना तुम्ही होता काय? मी कापणीला बांधावर उभी होते. गावच्या कमिटीतलं कोण हजर नव्हतं, सही मात्र सगळ्यांची!

पंचगंगाकाठ: मग तिथंच आक्षेप लिहून द्यायचा. आणि उसाला विमाच नाही, त्याचं काय?

गडहिंग्लजकर: ऊस ठेवा बाजूला. वहिनींचं म्हणणं मला पटतं, आक्षेप कापणीच्या दिवशीच जड असतो. पण यांचे १,००० वेगळ्याच जागी गेलेत. ५,००० म्हणजे ५० आरचेच पैसे. ई-पीक पाहणीत किती लागलंय बघा. तिथं ६० असंल तर शेजाऱ्याला विचारा.

शेतकरीपोर: पाहणीत ६०च. शेजारी ४० आर, त्याला ३,३३३ आलेत.

गडहिंग्लजकर: त्याचे ४,००० बसतात. दोघांचाही सहावा हिस्सा कमी, म्हणजे चूक तुमच्या कागदात दिसत नाही. मंडळात पेरणीपेक्षा जास्त क्षेत्राचा विमा उतरला की सगळ्यांचं क्षेत्र त्या प्रमाणात कमी करतात, तसंच झालेलं दिसतंय. पेरणी क्षेत्र किती धरलं आणि विमा किती क्षेत्राचा, हे लेखी मागा.

शेतकरीपोर: म्हणजे दुसऱ्यानं पडक्या रानाचा विमा उतरायचा आणि कापायचे माझे? अर्ज उद्याच देतो, पण हे बरोबर आहे असं मला कुणी सांगू नका.