नुसत्या साखरेच्या गोळीने बरं वाटतं, तर तीच का देत नाहीत?

अन्विता (वय १५): प्लासिबो म्हणजे औषध नसलेली गोळी, तरी लोकांना बरं वाटतं म्हणे. मग तीच द्यायची ना, साइड इफेक्टची कटकट नाही! आणि चाचणीत पेशंटबरोबर डॉक्टरलाही अंधारात का ठेवतात? तो काय खोटं बोलणार आहे का?

मिलिंद: अगदी बरोबर प्रश्न. मनाची ताकद औषधाएवढीच असते. दम्यावरचाच एक अभ्यास आहे, त्यात खोट्या इन्हेलरनेही खऱ्याइतकंच बरं वाटलं. औषध कंपन्यांना हे नको असतं, एवढंच.

शुभदा: मिलिंद, तो अभ्यास बोस्टनचा, २०११ मध्ये छापून आलेला. तुम्ही त्यातलं अर्धंच सांगितलंत, आणि मजा उरलेल्या अर्ध्यात आहे.

दम्याच्या प्रत्येक पेशंटवर आलटून पालटून चार गोष्टी केल्या. एकदा साल्ब्युटामॉलचा खरा इन्हेलर, एकदा रिकामा इन्हेलर, एकदा त्वचेत न शिरणाऱ्या सुयांचं नकली अ‍ॅक्युपंक्चर, आणि एकदा काहीच नाही, नुसतं बसवून ठेवलं. नंतर विचारलं, किती बरं वाटतंय? खऱ्या इन्हेलरला सरासरी ५० टक्के सुधारणा सांगितली, रिकाम्याला ४५, नकली सुयांना ४६. इथपर्यंत मिलिंद जिंकले.

पण त्यांना नळीत जोरात फुंकायलाही लावलं होतं. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते यंत्र मोजतं. खऱ्या औषधाने ती २० टक्के वाढली. बाकी तिन्हीत साधारण ७ टक्के, म्हणजे रिकामा इन्हेलर ओढणारा आणि नुसता बसलेला सारखेच! अन्विता, तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. बरं वाटलेल्या माणसाच्या श्वासनळ्या आवळलेल्याच असू शकतात, आणि दम्यात ते धोक्याचं. तो इन्हेलर शोधणारच नाही.

अन्विता: थांबा, नुसतं बसलेल्यांना बरं कसं वाटलं?

शुभदा: २१ टक्के वाटलं! त्रास जास्त असताना माणूस येतो, पुढे तो आपोआप थोडा उतरतो. शिवाय कोणी विचारपूस करतंय. म्हणून ४५ मधले २१ रिकाम्या इन्हेलरचे नाहीतच, त्याचे फार तर २४. बहुतेक चाचण्यांत ‘काहीच नाही’ हा गट ठेवतच नाहीत आणि सगळी सुधारणा ‘प्लासिबो’च्या नावावर जमा होते.

निशिगंधा: माझी पाठ चार महिने दुखत होती. एक पट्टा लावला, आठवड्यात थांबली. मग तुमच्या हिशेबाने तोही भासच?

शुभदा: भास नाही हो, दुखणं खरंच थांबलं. पट्ट्याने थांबलं की तेव्हा थांबणारच होतं, हे एकट्या पाठीवरून मलाही कळणार नाही आणि तुम्हालाही.

केदार: डॉक्टरचं राहिलंच की. माझ्या माहितीप्रमाणे डबल ब्लाइंड म्हणजे तीच चाचणी दोनदा करतात.

शुभदा: नाही, दोन बाजू अंधारात, घेणारा आणि देणारा. डॉक्टर खोटारडा नसतो गं अन्विता, पण खरं औषध कोणाला दिलंय हे ठाऊक असलं की “आज बरं आहे ना?” विचारताना आवाज बदलतो. म्हणून बाटलीवर फक्त क्रमांक असतो आणि कुठल्या क्रमांकात काय, ती यादी तिसऱ्याकडे.

तरी अंधार फुटतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत सर्दीवर सी जीवनसत्त्वाची चाचणी झाली, १९७५ मध्ये छापली. प्लासिबोच्या कॅप्सूलमध्ये लॅक्टोज होतं. काही महाभागांनी चव घेतली. आंबट लागली की सी, नाहीतर प्लासिबो! शेवटी ‘तुम्हाला काय मिळालं असं वाटतं’ असं विचारलं म्हणून हे उघडकीस आलं. ज्यांना काहीच माहीत नव्हतं त्यांच्यात सर्दीच्या दिवसांचा फरक उरला नाही. हा प्रश्न प्रत्येक चाचणीत विचारायला हवा. पुष्कळ ठिकाणी विचारतच नाहीत.

केदार: पण आजारी माणसाला मुद्दाम रिकामं काहीतरी द्यायचं, ही फसवणूकच ना?

शुभदा: ‘यातलं काहीही मिळू शकतं’ हे आधी सांगून सही घेतात. आणि चांगलं औषध आधीपासून असेल तर गंभीर आजारात नवं औषध त्याच्याशीच ताडायला हवं, रिकाम्या गोळीशी नाही.

मिलिंद: दम्यात फुंकायची नळी आहे. दुखण्याला कुठली नळी? तिथे माणसाला वाटतं तोच आजार. अक्कलदाढ काढलेल्यांवर १९७८ मध्ये प्रयोग झाला होता. अफूवर्गीय वेदनाशामकांचा परिणाम रोखणारं नॅलोक्झोन दिल्यावर प्लासिबोने मिळालेला आरामही कमी झाला. म्हणजे शरीर आत काहीतरी तयार करतंच की.

शुभदा: दुखण्याबाबत तुमच्याशी भांडणार नाही. पण ट्यूमर त्याने आक्रसत नाही.

अन्विता: आणि पेशंटला सरळ सांगितलं, ही रिकामी गोळी आहे, तर?

शुभदा: सांगूनही करून पाहिलंय, आतड्याच्या तक्रारींवर, २०१० मध्ये. काहीच न मिळालेल्यांपेक्षा त्यांना जास्त बरं वाटलं. पण त्यांना आधीच सांगितलं होतं की अशा गोळीने फायदा होऊ शकतो. मग गोळीने झालं की त्या वाक्याने, यावर माझं अजून ठरत नाही.